ट्रिप संपायच्या आत

आमच्या यांच्या फोनमध्ये 'चालक' नावाचा एक अल्बम आहे. त्यात चालकाचा एकही फोटो नाही. नुसते स्क्रीनशॉट आहेत, तीनशेच्या वर. टॅक्सीवाल्यांशी आणि पार्सल आणणाऱ्यांशी यांनी अ‍ॅपमध्ये जे काही लिहून बोलणं केलं, ते सगळं या माणसाने जपून ठेवलं होतं. 'मी गेट नंबर दोनला उभा आहे, पांढरा शर्ट.' 'आलो काका दोन मिनट.' 'उशीर झाला तरी चालेल, सावकाश या.' असलं सगळं. मी विचारायचे, "हे कुठल्या संग्रहालयात देणार आहात?" हे चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "पुरावा असावा."

हे बस आगारात हेड क्लार्क होते. चौतीस वर्षं नोकरी केली आणि चौतीस वर्षं कागद जपले. निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं, आता घरातली कपाटं मोकळी होतील. झालं उलटंच. आगारातल्या फाइली गेल्या आणि फोनमध्ये फाइली सुरू झाल्या.

या अल्बमची सुरुवात मात्र एका गोळ्यांच्या पुडक्यावरून झाली. यांच्या किडन्या निकामी झाल्यावर डॉक्टरांनी जेवणाबरोबर घ्यायच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या आम्ही घरपोच मागवायचो. एकदा हे अंघोळीला गेलेले असताना पार्सलवाला आला, मी खाली भाजी घ्यायला गेलेली. दार कुणी उघडेना म्हणून त्याने अ‍ॅपमध्ये लिहिलं की पुडकं अमुक ठिकाणी ठेवलंय, आणि तो गेला. यांनी ओल्या हाताने फोन बघितला, 'बरं' असं लिहिलं आणि पंचा गुंडाळून आत गेले. बाहेर येऊन बघतात तो ऑर्डर 'पोचली' असं दाखवतंय आणि चॅट गायब. ऑर्डर संपली की ते बोलणंही संपतं, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. यांना एवढंच आठवत होतं की 'मीटर' असं काहीतरी लिहिलं होतं. लाइटचा मीटर, पाण्याचा मीटर, कुठल्या विंगचा मीटर, काही कळेना. आमच्या सोसायटीला चार विंग आहेत. हे काठी टेकत चारही विंगांचे मीटर पालथे घालून आले. दोन दिवसांनी झाडूवाल्या बाईला ते पुडकं सी विंगच्या पाण्याच्या मीटरच्या पेटीवर सापडलं.

त्या दिवसापासून नियम झाला. ट्रिप असो की ऑर्डर, ती संपायच्या आत स्क्रीनशॉट घ्यायचा. मलाही शिकवलं. बाजूची दोन बटणं एकदम दाबायची, स्क्रीन लुकलुकते, झालं. माझ्या बोटांना सांधेदुखी, मला ते एकदम दाबणं जमायचं नाही. एक आधी दाबलं जायचं आणि फोन झोपी जायचा. हे म्हणायचे, "अगं, दोन्ही बरोबर. टाळी वाजवतेस तसं." मी म्हणायचे, "माझं काय अडलंय? तुम्ही आहात ना पुरावे गोळा करायला." असं मी कितीतरी वेळा म्हटलेलं आहे.

यांची दुसरी एक तऱ्हा सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. चालत्या गाडीत हे चालकाशी बोलायचे नाहीत. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे पाटी असते, 'चालकाशी बोलू नये'. ती पाटी यांनी आयुष्यभर इतक्या बसमध्ये लावून घेतली होती की ती यांच्या डोक्यातच ठोकलेली होती. टॅक्सीत काही सांगायचं झालं तर हे मागच्या सीटवर बसून अ‍ॅपमध्ये टाइप करायचे. 'पुढच्या सिग्नलला वाचावे. डावीकडे वळायचे आहे.' तीन फुटांवर बसलेल्या माणसाला पत्र. एका ड्रायव्हरला तर वाटलं की काकांना बोलता येत नाही, आणि तो उतरताना यांच्याशी खाणाखुणांनी बोलायला लागला. मी हसून हसून दमले. यांनी त्याला शांतपणे सांगितलं, "गाडी थांबली आहे. आता बोलायला हरकत नाही."

डायलिसिस आठवड्यातून तीनदा, वाशीला. सकाळी साडेसात ते साडेअकरा. सुरुवातीला मी बरोबर जायचे. चार तास त्या थंडगार हॉलच्या बाहेर खुर्चीत बसून माझा गुडघा इतका आखडायचा की परतताना यांनीच मला हात द्यावा लागे. मग यांनी सांगितलं, तू घरीच थांब, मी येतो एकटा. सीवूड्सहून वाशी ते काय लांब. सकाळी जायचे, साडेबारा-पाऊणपर्यंत यायचे, आणि एक वाजता आम्ही दोघं जेवायला बसायचो. मी थांबायचे. कधी दीड झाला, कधी दोन. लग्न झाल्यापासून यांच्या आधी जेवले असं फारसं झालं नव्हतं. त्यात पतिव्रतेचं काही नाही. एकटीने जेवायला मला आवडत नाही, एवढंच.

त्या सकाळी भांडण झालं. भांडण कसलं, मीच बोलले. यांना मीठ बंद, लोणचं तर अगदीच बंद. मीठ खाल्लं की तहान लागते, पाणी प्यायलं की ते अंगात साठतं, आणि मशीनवर सगळं काढताना जिवाचे हाल होतात. मी सहाला उठले तर हे स्वयंपाकघरात ओट्याशी पाठमोरे उभे. मी दिवा लावला. यांनी हात मागे लपवला. या वयात. बोटं पिवळी, आणि ओट्यावर लिंबाच्या लोणच्याची बरणी, झाकण बाजूला.

मी जे बोलले ते इथे लिहिते, कारण ते लपवून बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मी म्हणाले, "तुम्हाला मरायचंच असेल ना, तर माझ्यासमोर नका मरू. माझ्यात ताकद नाही आता." आणि ती बरणी मी सिंकमध्ये उपडी केली. यांनी हात धुतले, साबणाने, सावकाश. कापडी पिशवी घेतली, त्यात पांघरूण आणि फाइल असायची, ती खांद्याला लावली आणि गेले. रोज 'येतो गं' म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले नाहीत, किंवा म्हणाले असतील आणि नळाच्या आवाजात मला ऐकू आलं नसेल. मी नळ जरा जोरातच सोडला होता.

पाऊण वाजायच्या सुमाराला यांच्या फोनवरून फोन आला. मी उचलला तर दुसराच आवाज. "काकू, मी टॅक्सीवाला बोलतोय. काकांनी सांगितलंय, जरा उशीर होईल, तुमी जेवून घ्या."

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, रागावलेत. इतके रागावलेत की माझ्याशी बोलायलाही आता माणूस नेमला. डोकं सणकलं. मी म्हणाले, "सांगा त्यांना, मी केव्हाच जेवले." आणि फोन ठेवला.

ते खोटं नव्हतं. त्या दिवशी मी बारालाच पान वाढून घेतलं होतं आणि रागारागाने जेवले होते. फोन आला तेव्हा मी सिंकशी उभी राहून एक ताट घासत होते.

वीस-पंचवीस मिनिटांनी परत त्याच माणसाचा फोन आला. या वेळी तो म्हणाला, "काकू, नेरूळला हॉस्पिटलात या. लवकर या." मी चप्पल घातली, पर्स घेतली आणि रिक्षाने गेले. चष्मा टीव्हीवर राहिला.

मी पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीत बसवून सांगितलं. डायलिसिसनंतर असं होऊ शकतं म्हणाल्या, हृदय थांबलं म्हणाल्या, आणले तेव्हा बोलत होते म्हणाल्या. मी ऐकत होते की नाही, मला माहीत नाही. त्यांच्या डगल्याचं एक बटण निराळ्या रंगाचं होतं, ते मात्र आठवतं.

तो ड्रायव्हर भिंतीशी उभा होता. पस्तिशीचा असेल, सडपातळ, हातात यांची कापडी पिशवी आणि फोन. फोनला यांनी कधी लॉक लावलं नव्हतं. लपवायचं काय आहे, म्हणायचे. तो माझ्याजवळ आला आणि अगदी हळू म्हणाला, "काकू, ट्रिप अजून चालूच हाय. मी बंद नाय केली. काकांनी मेसेज टाकलेत, ते तुमी आधी बघा. मग बंद करतो."

त्याने यांचा फोन माझ्या हातात दिला. मला चष्म्याशिवाय दिसतं ते एवढंच : पांढरं, त्यात करड्या चौकटी. दोन लहान आणि खाली एक मोठी. मोठी म्हणजे चार-पाच ओळींची असेल. यांनी काहीतरी लांबलचक लिहिलं होतं.

आणि मी काय केलं? मला त्या माणसाची लाज वाटली. तास-दीड तास हा परका माणूस आपल्यापायी अडकून पडलाय, ट्रिप चालू आहे म्हणजे त्याला दुसरं भाडं घेता येत नाही, असं माझ्या मनात आलं. घरात मयत झालंय, आणि मला पाहुण्याचा खोळंबा होतोय याची काळजी. आम्ही असेच वाढलो. आलेल्या माणसाला ताटकळत ठेवू नये, आपल्यासाठी कुणाला त्रास नको. मी म्हणाले, "अहो, बंद करा तुम्ही. तुमचा खोळंबा नको. मी मागाहून वाचीन."

तो म्हणाला, "काकू, मागून नाय..." आणि थांबला. तेवढ्यात एक माणूस कागदावर सही घ्यायला आला. मी सही करताना परत म्हणाले, "बंद करा हो, जा तुम्ही." त्याने आपला फोन काढला, बोटाने पट्टी सरकवली. माझ्या हातातल्या यांच्या फोनवरचं पांढरं पान गेलं आणि पाच चांदण्यांची रांग आली. ट्रिप कशी झाली, असं अ‍ॅप विचारत होतं. चांदण्या मला चष्म्याशिवायही दिसल्या.

तीन वर्षं ज्यावरून यांना चिडवलं, तेच मी विसरले. दोन बटणं. टाळी वाजवतेस तसं.

लेक बंगलोरहून आली. दिवस सुरू झाले. तिसऱ्या दिवशी दुपारी मी चष्मा लावून यांचा फोन उघडला. ट्रिप होती. नकाशा होता, वाशीपासून निघालेली निळी रेघ पामबीच रोडने खाली येते आणि घरी न येता नेरूळला वळते. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, सगळं होतं. बोलणं नव्हतं. मी 'चालक' उघडला. शेवटचा स्क्रीनशॉट त्याच सकाळचा, जातानाचा. परतीचा नाही. हे स्क्रीनशॉट घ्यायचे ते आमच्या गेटच्या वळणावर, ट्रिप संपायच्या जरा आधी, सगळं बोलणं एकदम यावं म्हणून. त्या वळणापर्यंत ते आलेच नाहीत.

मग मी तो अल्बम वाचायला घेतला. इतकी वर्षं चेष्टा केली, पण एकदाही उघडून बघितला नव्हता. आम्ही दोघं जिथे जिथे टॅक्सीने गेलो, त्या प्रत्येक वेळी यांनी आधी लिहिलेलं होतं : 'सोबत मंडळी आहेत. त्यांचा गुडघा दुखतो. गाडी उताराजवळ लावावी, पायरीजवळ नको.' 'मंडळींना पुढे बसवायचे आहे, सीट मागे सरकवून ठेवावी.' 'एसी कमी, मंडळींना सर्दी आहे.' मला हे आयुष्यात कधी मंडळी म्हणाले नाहीत. घरात 'अगं', लेकीसमोर 'तुझी आई'. चालकांना मात्र मंडळी. आणि मी इतकी वर्षं समजत होते की नवी मुंबईतले टॅक्सीवाले समजूतदार आहेत, बरोबर उतारापाशी येऊन थांबतात. मी तसं यांना बोलूनही दाखवलं होतं. हे 'हो ना' म्हणाले होते.

त्या दिवशी मी पहिल्यांदा मोठ्याने रडले. लेक धावत आली.

त्यानंतर मला दुसरं काही सुचेना. त्या मोठ्या चौकटीत काय होतं? सकाळी मी जे बोलले, ते घेऊन हे गेले. दुपारी परक्या माणसाकडून निरोप पाठवला. स्वतः बोलले नाहीत. म्हणजे राग होता. राग घेऊनच गेले का? एवढं एकच मला कळायला हवं होतं, आणि ते लिहिलेलं मी डोळ्यांपुढे धरून घालवलं होतं.

लेकीने अ‍ॅपवाल्यांना कळवलं. उत्तर आलं की ट्रिप संपल्यावर चॅट दिसत नाही. तिने परत लिहिलं, तुमच्याकडे तर असेल. त्यावर उत्तर आलं की अशी माहिती खातेदारालाच मिळू शकते, खातेदाराने स्वतः अर्ज करावा. लेकीने फोन पालथा ठेवला. मी म्हणाले, "चुकीचं काय आहे? यांनीही असंच उत्तर दिलं असतं. नियमाने."

ड्रायव्हरचा नंबरही फोनमध्ये नव्हता. अ‍ॅपमधून बोलायचं तर खरा नंबर कळतच नाही. शेवटी लेकीनेच शोधून काढलं की गाडीत वस्तू विसरली असेल तर तसं कळवता येतं, आणि मग ते चालकाशी फोन जोडून देतात. विसरलेल्या वस्तूंची यादी होती : फोन, पिशवी, चष्मा, चाव्या, इतर. तिने विचारलं, "काय लिहू?" मी म्हणाले, "इतर."

फोन लागला. तो म्हणाला, "काकू, बोला." कोण म्हणून विचारलंच नाही. मी म्हणाले, घरी येऊन जाल का? तो मग म्हणाला, "येतो. उद्या दुपारी येतो."

आला. साताऱ्याकडचा, कोपरखैरणेला राहतो, असं चहा घेता घेता सांगितलं. कपाला हात लावून बसला, प्यायला नाही. मी आडपडदा न ठेवता विचारलं. म्हटलं, त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं. मी फार वाईट बोलले होते. तुम्ही मला जे वाचायला देत होतात, ते मला वाचता आलं नाही, चष्मा नव्हता. तुम्ही वाचलं असेल. काय होतं त्यात?

तो पटकन म्हणाला, "तेच होतं काकू. मिसेसला सांगा म्हणून, माझ्या मनात काय राग नाय. माझं लय प्रेम हाय."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या नाही आलं. चौतीस वर्षं कागद लिहिलेल्या माणसाबरोबर मी राहिले आहे, त्याची भाषा मला कळते. 'मिसेस' हा शब्द यांच्या हातून मेले तरी लिहिला गेला नसता. आणि प्रेम तर आमच्या घरात कुणी कुणाला कधी कळवलेलं नाही.

मी म्हणाले, "तुम्ही चांगले आहात म्हणून खोटं बोललात. मला खरं हवंय. वाईट असलं तरी चालेल."

तो खाली बघत होता. मान वर न करता म्हणाला, "काकू, तुमी माझ्यावर बोल लावाल."

"नाही लावणार."

"माझ्याकडं पुरावा नाय आता. ट्रिप बंद केली की माझ्यापण फोनमधनं जातं. म्हणून त्या दिवशी तुमाला दाखवत होतो. तुमी वाचलं असतं तर मला काय बोलावंच लागलं नसतं."

मग त्याने सांगितलं. पहिले दोन मेसेज गाडी यायच्या आधीचे, कुठल्या गेटला उभा आहे वगैरे. तिसरा चालत्या गाडीत आला. पामबीचला सिग्नलला थांबल्यावर त्याने वाचला आणि मागे वळून बघितलं, तर हे सीटला डोकं टेकून बसले होते, कपाळावर घाम. लिहिलं होतं की बरं वाटत नाही, छातीत दाबल्यासारखं होतंय, घरी न नेता जवळच्या हॉस्पिटलात न्यावं.

"आणि पुढं होतं," तो म्हणाला, "की घरी लगेच कळवू नये. मंडळी जेवायच्या थांबल्या असतील, त्यांना जेवू दे. कळलं तर तशाच उपाशी धावत येतील, त्यांना शुगर आहे. उशीर होईल, जेवून घ्या, एवढंच सांगावं. जेवण झाल्यावर मग बाकीचं सांगावं."

मला शुगर आहे. ते मी त्याला सांगितलं नव्हतं. 'मंडळी' हा शब्दही मी त्याच्यासमोर उच्चारला नव्हता.

"हॉस्पिटलच्या दारात पोचल्यावर काकांनीच आपला फोन मला दिला आणि बोटानं 'घर' हे नाव दाखवलं," तो म्हणाला. "मी तुमाला फोन केला. तुमी बोललात, जेवले. तर मला तेव्हाच सांगायला पायजे होतं, या म्हणून. पण तुमी फोन ठेवला, आणि काकांना आत न्यायला लागले, मी त्यांच्याबरोबर गेलो. पुन्हा फोन करायला वीस-पंचवीस मिनटं गेली. तेवढ्यात तुमी आल्या असत्या, काकू. तुमची भेट झाली असती. झोप नाय लागत मला."

तो रडायला लागला. हुंदका नाही, नुसतं पाणी, आणि ते तो बाहीने पुसत होता. मी बोल लावणार नाही म्हटलं होतं. लावला नाही. लावायचा तर कुणाला लावायचा, फोन तर मीच आपटला होता.

थोड्या वेळाने मी विचारलं. हे विचारायची मला भीती वाटत होती. "मी फोनवर जे म्हणाले, ते तुम्ही यांना सांगितलंत का?"

"सांगितलं की."

"काय सांगितलंत?"

"तुमी जे बोललात तेच. म्हटलं, काका, काकू जेवल्या. केव्हाच जेवल्या."

"मग?"

"काका स्ट्रेचरवर होते. माझा हात धरला. म्हणाले, बरं केलं मंडळींनी. मग आत घेतलं."

लेकीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी उठले, यांच्या डायलिसिसच्या फाइलमधून एक कोरा कागद काढला आणि त्याला म्हणाले, परत सांगा, पहिल्यापासून, सावकाश. त्याने सांगितलं तसं मी लिहून घेतलं. दोनदा वाचून दाखवलं. एके ठिकाणी मी 'जेवून येऊ दे' लिहिलं होतं, तिथे त्याने मला थांबवलं. "येऊ दे नव्हतं काकू. जेवू दे एवढंच." मी खोडून बरोबर केलं. मग तो कागद टेबलावर ठेवून यांच्या फोनने त्याचा फोटो काढला आणि लेकीकडून तो 'चालक'मध्ये घालून घेतला. शेवटचा म्हणून.

त्याला मी जेवून जा म्हटलं. तो नको म्हणाला, मग बसला. तिघांची पानं वाढली. दोन घास खाल्ल्यावर मला पुढे खाता येईना. यांना शेवटचं कळलं ते एवढंच, की मी जेवले. रागाने जेवले, एकटी जेवले, यांच्या वाटणीची भाकरी झाकूनसुद्धा ठेवली नव्हती, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. ते समाधानाने आत गेले.